नोंदीत फक्त नाव असते

महाविद्यालयाच्या पहिल्या आठवड्यात नव्या विद्यार्थ्यांसाठी जो परिचयाचा कार्यक्रम होतो, त्यात संगणक विभागाच्या वतीने पासवर्डविषयी बोलण्याचे काम माझ्याकडे असते. ग्रंथालयाचे नियम, परीक्षेची पद्धत, वसतिगृहाच्या वेळा असे बरेच काही ऐकून झाल्यावर माझी पाळी येते, आणि तोवर सभागृहातल्या पुष्कळ मुलांचे लक्ष शेजारी बसलेल्या नव्या ओळखीकडे वळलेले असते. ते स्वाभाविकच आहे. घर सोडून आलेल्या मुलांना त्या दिवसांत सर्वांत निकड असते ती सोबतीची, आणि नेमके त्याच दिवसांत मला त्यांना सांगायचे असते की आपला पासवर्ड मित्राला देऊ नका, एका खोलीत राहणाऱ्या सोबत्यालाही देऊ नका.

हे वाक्य मुलांना मित्रावरच्या अविश्वासासारखे ऐकू येते, आणि एकदा तसे ऐकू आले की पुढचे काहीही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून चोर, फसवेगिरी, लुबाडणूक यांपासून मी भाषणाची सुरुवात करत नाही. मी सुरुवातीलाच सांगतो की तुमचा मित्र प्रामाणिक आहे, तो तुमचे वाईट चिंतणार नाही आणि तुमची पत्रे चोरून वाचणार नाही, असे मी धरून चालतो. एवढे सगळे मान्य करूनही पासवर्ड देऊ नये, असे माझे म्हणणे आहे; कारण तुम्ही विश्वास ठेवता तो माणसावर, पण पासवर्ड जाऊन बसतो तो त्याच्या लॅपटॉपमध्ये, त्याच्या फोनमध्ये आणि आमच्या सर्व्हरवरच्या नोंदींमध्ये. यांपैकी एकालाही तुमची मैत्री ठाऊक नसते.

पासवर्डची देवाणघेवाण सर्वांत जास्त होते ती याच पहिल्या आठवड्यात, आणि त्यात मुलांच्या निष्काळजीपणाइतकाच आमच्या कार्यालयांचाही वाटा असतो, हे मी सभागृहात उघडपणे मान्य करतो. प्रवेशाची कागदपत्रे तपासून प्रत्येकाचे खाते सुरू व्हायला वेळ लागतो. एकाच खोलीतल्या दोघींपैकी एकीचे खाते सोमवारी सुरू होते आणि दुसरीचे गुरुवारपर्यंत होत नाही. मधल्या दिवसांत वेळापत्रक पाहायचे असते, वाय-फाय जोडायचे असते, शिक्षकांनी टाकलेल्या सूचना वाचायच्या असतात. मग जिचे खाते सुरू झालेले असते ती म्हणते, "तोपर्यंत माझंच वापर ना." यात गैर हेतूचा लवलेशही नसतो. जी पुढची हकिकत मी त्यांना सांगतो, तिची सुरुवातही अशीच झाली होती.

एका विद्यार्थिनीने पहिल्या आठवड्यात आपल्या रूममेटला असाच पासवर्ड दिला. रूममेटने स्वतःच्या लॅपटॉपवर तो टाकला, ब्राउझरने विचारले की हा पासवर्ड जपून ठेवू का, आणि आपण सगळेच घाईत करतो तसे तिने होकाराचे बटण दाबले. चार दिवसांनी रूममेटचे स्वतःचे खाते सुरू झाले, तिने त्याचाही पासवर्ड जपून ठेवला आणि उसन्या घेतलेल्या पासवर्डची गोष्ट दोघींच्याही मनातून गेली. ब्राउझरच्या स्मरणातून मात्र ती गेली नव्हती. लॉग-इनच्या पानावर एकाच संकेतस्थळाची दोन नावे त्याच्याकडे जमा झाली होती आणि पान उघडले की त्यांतले एखादे तो आपणहून भरून ठेवत असे.

काही आठवड्यांनी ऐच्छिक विषय बदलण्याची मुदत आली. रूममेटला एक विषय सोडायचा होता. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी, तासाला निघण्यापूर्वी, तिने पान उघडले. नाव आणि पासवर्ड आधीच भरलेले दिसत होते, तिने आत जाऊन तो विषय काढून टाकला आणि लॅपटॉप मिटला. दोघी एकाच वर्गातल्या, दोघींचे विषय जवळजवळ सारखे, त्यामुळे समोर दिसणारी यादी तिला आपलीच वाटली. खातेदाराचे नाव पानाच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असते, आणि रोज पाहायच्या पानावर तिकडे सहसा कोणाची नजर जात नाही.

त्यानंतर आमच्याकडे एकाच आठवड्यात दोन तक्रारी आल्या. एकीचे म्हणणे असे की मी विषय सोडला, तरी हजेरीच्या यादीत माझे नाव अजून आहे. दुसरीचे म्हणणे असे की मी विषय सोडलाच नाही, तरी यादीतून माझे नाव गेले आहे. विषय एकच होता आणि अर्जांवर खोलीचा क्रमांकही एकच होता. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर काय घडले असेल ते आमच्या लक्षात आले. परंतु लक्षात येणे वेगळे आणि नोंदीतून सिद्ध होणे वेगळे. सर्व्हरवरची नोंद साधारण अशी दिसते:

```
09:14:22  LOGIN   user=fy1187  result=OK
09:16:05  DROP    user=fy1187  course=EL204
09:17:40  LOGOUT  user=fy1187
```

या तीन ओळी मी सभागृहाच्या पडद्यावर दाखवतो आणि मुलांना विचारतो की यात माणूस कुठे आहे ते दाखवा. `user` या शब्दापुढे आहे ते खात्याचे नाव; कळीवर बोट कोणाचे होते, याबद्दल नोंदीत एक अक्षरही नाही. ज्या जाळ्यातून विनंती आली त्याचा पत्ताही आम्ही पाहिला, पण दोघी एकाच वसतिगृहाच्या वाय-फायवर असल्यामुळे बाहेरून दोघींचा पत्ता एकच दिसत होता. ब्राउझरचा प्रकारही नोंदलेला असतो, मात्र तो वर्गातल्या निम्म्या मुलांचा सारखाच असतो. सर्व्हरच्या दृष्टीने, ज्याने बरोबर पासवर्ड दिला तोच खातेदार, कारण ओळखण्याचे दुसरे साधन त्याच्याजवळ नसते. पासवर्ड देणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून तो दुसऱ्याच्या हाती ठेवण्यासारखे आहे. कागदावर पुढे काय लिहिले गेले याची जबाबदारी सही करणाऱ्याकडेच येते.

रूममेट मनाने सरळ होती. तिने स्वतःहून समितीसमोर येऊन सांगितले की चूक माझ्या हातून झाली, हवे तर मी लेखी देते. तरीही विषय परत न देण्याचा निर्णय समितीने बदलला नाही, आणि मुलांना हीच गोष्ट सर्वांत अन्यायाची वाटते, म्हणून तिच्यामागचे कारण मी सावकाश उलगडून सांगतो. विषय सोडल्याबरोबर ती जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याला आपोआप मिळाली होती, आणि त्याने काहीही गैर केलेले नसताना ती त्याच्याकडून काढून घेता येत नव्हती. त्याहून मोठा प्रश्न तत्त्वाचा होता. "माझ्या खात्यावरून झाले, पण मी केले नाही" हे म्हणणे मैत्रिणीच्या साक्षीवर एकदा मान्य केले, तर मुदतीनंतर विषय बदलू पाहणाऱ्या कोणालाही अशी साक्ष आणता येईल, आणि उशिरा दिलेला निबंध, उतरवलेली उत्तरे, शिक्षकाला पाठवलेले अपमानकारक पत्र, यांपैकी कशालाही धनी उरणार नाही. खाते वापरण्याच्या नियमांत, जे पहिल्या लॉग-इनच्या वेळी सगळे न वाचता मान्य करतात, खात्यावरून घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी खातेदाराची आहे, असे लिहिलेले असते ते यामुळेच. त्या मुलीला तो विषय त्या वर्षी घेता आला नाही. यात गुन्हेगार कोणीही नव्हते, आणि मला ही हकिकत महत्त्वाची वाटते ती नेमकी त्यासाठी.

नाव एकाचे आणि हात दुसऱ्याचा, ही अडचण पासवर्डइतकीच जुनी आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखाली सीटीएसएस नावाची प्रणाली उभी राहिली. एकच मोठा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायचा, तर प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात आणि प्रत्येकाच्या वाट्याच्या वेळेचा हिशोब ठेवता यावा, यासाठी तिथे पासवर्ड आले. अ‍ॅलन शेर हे तिथे पीएच.डी.चे काम करत होते आणि वाट्याला आलेला वेळ त्यांना पुरत नव्हता. १९६२ मध्ये त्यांनी पंच-कार्डावरून विनंती देऊन पासवर्डांची सबंध फाइल छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावाने काम सुरू केले. पुढे त्यांनीच सांगितल्याप्रमाणे, दोष वाटला जावा म्हणून ते पासवर्ड त्यांनी इतरांनाही दिले, आणि त्यांतल्या एकाने प्रयोगशाळेच्या संचालकांच्या खात्यात शिरून डिवचणारे संदेश ठेवायला सुरुवात केली. सभागृहातली मुले इथे हसतात, त्यांनी हसावेही. पण संगणकाच्या लेखी ते संदेश संचालकांनीच लिहिले होते, एवढे मी त्यांच्या ध्यानात आणून देतो. तेव्हाच्या प्रणालीत पासवर्ड जसेच्या तसे लिहून ठेवलेले असत. आता चांगल्या प्रणालीत पासवर्डावर गणिती प्रक्रिया करून निघालेला, पुन्हा उलटा फिरवता न येणारा ठसा तेवढा ठेवला जातो, त्यामुळे तुमचा पासवर्ड मलाही दिसत नाही आणि विभागातल्या कोणालाही तो विचारण्याचे कारण पडत नाही. सर्व्हरच्या बाजूने एवढी काळजी घेतली गेली, तरी स्वतःच्या तोंडाने सांगितलेल्या पासवर्डाला तिचा काही उपयोग नाही.

दिलेला पासवर्ड मित्राच्या यंत्रात किती खोलवर रुजतो, याची कल्पना बहुतेकांना नसते. ब्राउझरने तो जपून ठेवला आणि मित्र त्या ब्राउझरमध्ये स्वतःच्या खात्याने लॉग-इन असला, की तोच पासवर्ड त्याच्या फोनवर आणि त्याच्या घरच्या संगणकावरही आपोआप जाऊन पोहोचतो. म्हणजे तुम्ही एका व्यक्तीला एका यंत्रासाठी सांगितलेली गोष्ट तुम्ही कधी न पाहिलेल्या यंत्रांवर, कदाचित त्याचे धाकटे भाऊ-बहीण वापरतात त्या संगणकावरही, उघडी पडते. ही साठवण मित्राने मुद्दाम केलेली नसते, आणि बऱ्याचदा त्याला ती माहीतही नसते.

वाय-फायच्या बाबतीत तर हे आम्हाला मदत कक्षात बसूनच दिसते. अनेक संस्थांत वाय-फायला सगळ्यांसाठी एक पासवर्ड नसतो. प्रत्येकाने आपल्या संस्थेतल्या खात्याचे नाव आणि पासवर्ड देऊन जोडायचे असते. ठिकठिकाणच्या विद्यापीठांत चालणारी एज्युरोम ही सेवा याच पद्धतीची आहे, त्यामुळे त्या पासवर्डाने तुमचा मित्र दुसऱ्या देशातल्या विद्यापीठाच्या आवारातही तुमच्या नावाने इंटरनेट वापरू शकतो. आता समजा, तुम्ही काही महिन्यांनी पासवर्ड बदलला. मित्राच्या फोनला हे कळत नाही. तो खिशात पडल्या पडल्या जुन्या पासवर्डाने पुन्हा पुन्हा जोडण्याचा प्रयत्न करत राहतो, चुकीच्या प्रयत्नांची ठरावीक मर्यादा ओलांडली जाते आणि सर्व्हर तुमचे खाते काही काळासाठी बंद करतो. तुम्ही आमच्याकडे येता, आम्ही ते उघडून देतो, आणि तुम्ही खोलीवर पोहोचेपर्यंत ते पुन्हा बंद झालेले असते. एखादा विद्यार्थी पासवर्ड बदलल्यानंतर वारंवार खाते बंद होण्याची तक्रार घेऊन आला, की आम्ही आधी त्याच्या स्वतःच्या जुन्या उपकरणांची चौकशी करतो, आणि ती सगळी तपासून झाल्यावर विचारतो, "कोणाच्या फोनवर तुझं वाय-फाय जोडून दिलं होतंस का?" बराच वेळ विचार करून बहुतेकांना एखादे नाव आठवते.

"मी फक्त वाय-फायसाठी दिला" हे उत्तर मला नेहमी ऐकायला मिळते. पण महाविद्यालयीन खात्याचा पासवर्ड फक्त वाय-फायचा क्वचितच असतो. त्याच पासवर्डाने ईमेल उघडते, गुणपत्रक दिसते, गृहपाठ जमा होतो, शुल्काचा तपशील आणि घरचा पत्ता समोर येतो. एकदा आत गेल्यावर पुन्हा विचारणा न होता सगळी दालने उघडावीत अशीच ती रचना असते. आणि या सगळ्यांत ईमेल ही जागा सर्वांत नाजूक आहे. इतर संकेतस्थळांवर "पासवर्ड विसरलात?" असे म्हटले की नवा पासवर्ड ठरवण्याचा दुवा याच पत्रपेटीत येतो. म्हणून ज्याच्याजवळ पत्रपेटी आहे, त्याच्याजवळ त्या पत्त्यावर उघडलेली तुमची बाकीची खातीही असू शकतात.

हल्ली पासवर्डखेरीज फोनवर एक संकेतांक येतो, त्यामुळे केवळ पासवर्ड समजून काही बिघडत नाही, असे काही विद्यार्थी म्हणतात. ही दुसरी पायरी खरोखर चांगली आहे आणि तिने अनोळखी माणूस बाहेर राहतो. परंतु रूममेट अनोळखी नसतो. तो पलीकडच्या खाटेवरून म्हणतो, "आलाय बघ कोड, सांग पटकन," आणि तुम्ही वाचून दाखवता. त्या क्षणी दोन्ही पायऱ्या तुम्ही स्वतः त्याच्यासाठी चढून दिलेल्या असतात, आणि "या उपकरणावर पुन्हा विचारू नका" या चौकटीत त्याने खूण केली असेल, तर पुढे तो कोडही लागत नाही.

नुसते "देऊ नका" म्हणून मी व्यासपीठावरून उतरत नाही, कारण नकार देणे ही त्या वयात खरीच अवघड गोष्ट असते. खोलीतला सोबती काही मागतो आहे आणि वर्षभर त्याच्याबरोबर राहायचे आहे, अशा वेळी नियमाचे वाक्य तोंडातून निघत नाही. मी त्यांना एवढेच सुचवतो की मित्र पासवर्ड मागतो तेव्हा त्याला पासवर्ड हवा असतो असे नाही. त्याला त्यामागचे एखादे काम करायचे असते. ते काम कोणते, हे आधी विचारावे. टिपणे हवी असतील तर फाइल त्याच्या नावाने शेअर करता येते, आणि नको वाटेल तेव्हा ती परवानगी काढूनही घेता येते. इंटरनेट हवे असेल तर स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून द्यावा आणि काम झाल्यावर बंद करावा; हॉटस्पॉटचा पासवर्ड वेगळा असतो आणि तो बदलला तरी आपले दुसरे काही अडत नाही. खाते सुरू झाले नसेल तर आमच्याकडे यावे, तात्पुरते पाहुण्याचे खाते काढून देणे हे आमचेच काम आहे. आणि काहीच जमत नसेल, तर स्वतः लॉग-इन करून, शेजारी बसून, मित्राला हवे ते दाखवावे आणि आपणच बाहेर पडावे. यात पाच मिनिटे जातात आणि कोणाचे मन दुखावत नाही.

उलट बाजूचा प्रसंग जरा अधिक गुंतागुंतीचा असतो, जिथे खातेदारालाच मदत हवी असते. आपण प्रवासात आहोत, गृहपाठाची मुदत रात्री संपते, आणि फाइल खोलीवरच्या संगणकात आहे. अशा वेळी मित्राला फोन करून पासवर्ड सांगावा असे वाटणे अगदी साहजिक आहे. तरीही मित्राकडून ती फाइल आपल्या ईमेलवर मागवून घ्यावी आणि फोनवरून स्वतः जमा करावी. तेही शक्य नसेल तर मुदतीपूर्वी शिक्षकांना दोन ओळी लिहाव्यात. मुदतीआधी आलेल्या विनंतीकडे आणि मुदतीनंतर सांगितलेल्या कारणाकडे शिक्षक वेगळ्या नजरेने पाहतात, हा माझा अनुभव आहे.

भाषण संपल्यावर काही जण व्यासपीठापाशी येतात आणि हळू आवाजात एकच प्रश्न विचारतात की आम्ही तर परवाच दिला, आता काय करायचे. त्यांना मी सांगतो की स्वतःच्या उपकरणावर बसा आणि पुढच्या गोष्टी याच क्रमाने करा. आधी पासवर्ड बदला. त्यानंतर खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन सर्व उपकरणांवरून बाहेर पडण्याचा पर्याय निवडा. हा क्रम उलटा केला तर मित्राच्या यंत्रात साठलेला जुना पासवर्ड त्याला लगेच पुन्हा आत नेतो. आणि दुसरी पायरी गाळली, तर अनेक सेवांमध्ये आधीपासून उघडे असलेले सत्र पासवर्ड बदलल्यावरही काही काळ चालूच राहते. मग खाते परत मिळवण्यासाठी दिलेला फोन क्रमांक आणि पर्यायी ईमेल आपलाच आहे ना, आणि पत्रे दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याचा एखादा नियम पत्रपेटीत पडलेला नाही ना, हे पाहा. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथेही बदला. शेवटी मित्राला मोकळेपणाने सांगा की मी पासवर्ड बदलला आहे, तुझ्या ब्राउझरच्या जपून ठेवलेल्या पासवर्डांतून माझे नाव काढून टाक आणि फोनच्या वाय-फाय यादीतली माझ्या नावाने केलेली जोडणी विसरायला लाव. हे सांगणे टाळले, तर त्याचा फोन जुना पासवर्ड पाठवत राहील आणि दोन दिवसांत बंद पडलेले खाते घेऊन तुम्ही मदत कक्षाच्या खिडकीशी उभे असाल.